सेव्हन ऑफ सोर्ड्स म्हणजे चोरीच का? टॅरोचे कीवर्ड आणि मनात येणारं

प्रश्न : "परभणीला असते. दीड वर्ष झालं टॅरो शिकतेय. ७८ कार्डांचे कीवर्ड तोंडपाठ आहेत, पण कोणी समोर बसलं की नुसती यादी म्हणून दाखवल्यासारखं होतं. क्लासच्या मॅडम म्हणतात, पाठांतर सोड आणि इंट्युशनवर ये. तसं केलं तर मनाला येईल ते बोलले आणि एका वहिनींना उगाच घाबरवून बसले. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? स्वतःची वाचायची पद्धत कशी बसवायची?"

उत्तर :

तुमच्या मॅडमचं निम्मं बरोबर आहे. यादी म्हणून दाखवणं थांबवायलाच हवं. पण पाठ केलेलं सोडून दिलं तर हातात राहतं ते फक्त आपलं मन, आणि त्यात त्या दिवशी जे चाललेलं असेल तेच समोरच्याच्या पदरात पडतं. वहिनींच्या बाबतीत तेच झालं असणार. मी शिकवताना सरळ सांगते : कीवर्ड कार्डाची हद्द आखून देतात, आणि त्या हद्दीतलं आज नेमकं काय लागू आहे हे इंट्युशन निवडते. नवे अर्थ पैदा करणं हे तिचं काम नाही. निवड केली की कार्डाच्या चित्रात कुठेतरी बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे की हे इथून आलं. बोट ठेवता येत नसेल तर ते वाक्य बोलायचं नाही.

आधी तुमचे पाठ असलेले कीवर्ड आले कुठून ते बघू, कारण बराच घोळ तिथेच आहे. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ. भविष्य सांगण्यासाठी त्याला ठरावीक अर्थ चिकटवायचं काम अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये जोरात सुरू झालं. एतेया या नावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी तर स्वतःच्या डेकमध्ये कार्डांवरच अर्थाचे शब्द छापले, सुलट्याला एक आणि उलट्याला दुसरा. पुढे १८८८ मध्ये लंडनमध्ये गोल्डन डॉन नावाची गुप्त मंडळी स्थापन झाली. त्यांनी मायनर कार्डांना, म्हणजे कप्स, सोर्ड्स, पेंटॅकल्स, वाँड्स या चार सूटमधल्या कार्डांना, आपापल्या उपाध्या दिल्या. त्याच मंडळीत वावरलेल्या आर्थर वेट यांनी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून डेक काढून घेतला. तो १९०९ मध्ये लंडनच्या रायडर कंपनीने बाजारात आणला, आणि आज आपल्याकडे ऑनलाइन मागवला जाणारा बहुतेक डेक हाच किंवा याच्यावर बेतलेला असतो.

म्हणजे तुमच्या वहीत एका कार्डापुढे जे पाच-सहा शब्द आहेत ते एका माणसाने एका बैठकीत लिहिलेले नाहीत. वेगवेगळ्या काळातले थर एका ओळीत आलेत. सेव्हन ऑफ सोर्ड्स घ्या. गोल्डन डॉनची त्याची उपाधी 'अस्थिर प्रयत्न' अशी आहे. वेट यांनी अर्थ दिले ते योजना, प्रयत्न, इच्छा, आशा, विश्वास असे, आणि पुढे भांडण, फसू शकणारा बेत, वैताग. आजच्या क्लासच्या झेरॉक्समध्ये मात्र चोरी, धोका, फसवणूक, लपवाछपवी एवढंच असतं. बघा, अर्थ किती आकसला. तुम्ही चारच शब्द पाठ केले आणि चारही एकाच रंगाचे निघाले तर इंट्युशनला निवडायला उरलं काय? कीवर्ड पाठ असूनही वाचन कोरडं होतं त्याचं पहिलं कारण हे. शब्द जास्त झाले ही अडचण नसते, एकाच सुराचे झाले ही असते.

हेच कार्ड धरून एक पूर्ण वाचन सांगते.

माझ्याकडे शिकणारी एक मुलगी लातूरची. तिच्या शेजारी खानावळ चालवणाऱ्या काकू आहेत. नीटच्या तयारीला बाहेरगावाहून आलेली पोरं त्यांच्याकडे डबा लावतात. काकूंच्या मनात दुसरीकडे आणखी एक जागा भाड्याने घेऊन तिथेही खानावळ सुरू करायची होती. त्यांनी विचारलं, "जागा घेऊ का नको?" मुलीने तीन कार्डं काढली. पहिलं सध्याची स्थिती, दुसरं नजरेआड राहिलेलं, तिसरं पुढचं पाऊल. आले टू ऑफ पेंटॅकल्स, सेव्हन ऑफ सोर्ड्स आणि थ्री ऑफ पेंटॅकल्स.

तिने पहिल्या कार्डावर "तुमची तारांबळ चाललीये" म्हटलं, ते ठीक होतं. दुसऱ्यावर ती थांबली, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकू, जवळचं कोणीतरी तुम्हाला फसवतंय. मला फार स्पष्ट जाणवतंय." काकूंनी लगेच विचारलं, "धाकटी जाऊ असंल का? ती परवा पैशाचं काहीतरी बोलत होती." मुलगी गप्प बसली, म्हणजे काकूंच्या लेखी होकारच झाला.

आता हे मराठवाड्यातल्या एकत्र घरात बोललं गेलंय हे लक्षात घ्या. जावा-जावांचं एक स्वयंपाकघर, एक हिशोब, शेतीचा सातबारा सगळ्यांच्या नावावर. "जवळचं कोणीतरी" हे दोन शब्द तिथे किती दिवस पेटत राहतील याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. मुलीने वही माझ्यासमोर ठेवली तेव्हा मी तिला एवढंच विचारलं, "फसवणारं माणूस कार्डात दाखव." तिने तलवारी घेऊन निघालेल्या माणसावर बोट ठेवलं. मग विचारलं, "आणि तो जवळचा आहे हे कशावरून? चित्रात बोट ठेव." तिथे बोट अडकलं. 'जवळचा' हा शब्द चित्रात नव्हता, कीवर्डमध्ये नव्हता, काकूंच्या प्रश्नातही नव्हता. तो आला होता तिच्या स्वतःच्या घरातून. त्याच आठवड्यात तिचं मोठ्या भावाशी पैशावरून वाजलं होतं, हे तिचं तिनेच सांगितलं.

मग तीच तीन कार्डं आम्ही पुन्हा मांडली, या वेळी ओळीने.

सुरुवात प्रश्नापासून. "घेऊ का नको" याला कार्ड हो किंवा नाही म्हणणार आणि काकू जबाबदारी कार्डावर टाकणार. आम्ही प्रश्न असा केला : दुसरी जागा घेताना माझ्या लक्षात काय येत नाहीये? प्रश्न बदलला की कोणता कीवर्ड निवडायचा हे निम्मं तिथेच ठरतं. खानावळीच्या विस्ताराच्या प्रश्नात सेव्हन ऑफ सोर्ड्सचा 'फसू शकणारा बेत' हा अर्थ 'चोर' या अर्थापेक्षा आधी उभा राहायला हवा. 'चोर' रद्द होत नाही, फक्त त्याचा नंबर मागे जातो.

दुसरी गोष्ट, तिन्ही कार्डांकडे एकदम बघणं. दोन पेंटॅकल्स, एक सोर्ड, आणि मेजर, म्हणजे सूटबाहेरची डेथ किंवा सन यांसारखी मोठी कार्डं, त्यातलं एकही नाही. पेंटॅकल्स म्हणजे पैसा, काम, हातात धरता येणाऱ्या गोष्टी. सोर्ड्स म्हणजे विचार, बोलणं, निर्णय, भांडण. मेजर नाही, तेव्हा माझ्या पद्धतीत याला रोजच्या व्यवहाराचा विषय धरायचं, नशीब पालटणाऱ्या घटनेचा नाही. आजूबाजूला सगळं कामाचंच बोलणं चाललंय आणि मध्ये एक सोर्ड आहे, तर ती बहुधा कामाच्या आखणीतली गफलत दाखवते. एवढ्यानेच "जवळचं कोणीतरी" वाल्या वाक्याचा जोर ओसरतो. हे सगळं पाठांतराचं काम आहे बरं का, इंट्युशन अजून दारातही आलेली नाही.

तिसरं, चित्र. मी तिला सांगितलं, अर्थ न सांगता नुसतं दिसतंय ते मराठीत सांग, आणि क्रियापदं वापर. ती म्हणाली, "माणूस चवड्यांवर चालतोय. मागे वळून बघतोय. पाच तलवारी कवेत धरल्यात. दोन मागे रोवलेल्या राहिल्यात. तंबू आहेत. लांब कोपऱ्यात चार-दोन माणसं दिसतात." मग ती थोडं थांबली आणि म्हणाली, "मॅडम, याने सगळं नेलंच नाही. दोन सोडून चाललाय. आणि तलवारी पात्यांनाच धरल्यात, हात कापंल ना."

ही इंट्युशन. डोळे मिटून आलेली नाही, डोळे उघडे ठेवून आलेली आहे. पाच नेल्या आणि दोन राहिल्या हे त्या चित्रात १९०९ पासून आहे, लाखो लोकांनी पाहिलंय. पण खानावळीच्या प्रश्नासमोर त्या दोन मागे राहिलेल्या तलवारींकडेच नजर जावी हे पाठ करून येत नाही. तो त्या मुलीचा हिस्सा. आणि बोट ठेवायला जागा आहे.

आता हे बोलायचं कसं? "तुमचा बेत फसणार" असं नाही, कारण ते आपल्याला माहीत नाही. चित्रातून जे सुचलं त्याचा प्रश्न करायचा. मुलीने काकूंना फोन लावला, आधी जावेबद्दलचं बोलणं मागे घेतलं, आणि मग विचारलं, "नव्या जागेत तुम्ही इथून काय-काय नेणार, आणि इथं काय राहणार?"

काकू म्हणाल्या, "चांगल्या हाताच्या दोघी बायका आहेत, त्यांना तिकडं नेते. मी पण सुरवातीला तिकडंच राहीन. इथलं पोरगा बघंल."

"पोरगा स्वयंपाकाचं बघतो का?"

"नाही गं, तो हिशोब बघतो." आणि थोड्या वेळाने, "इथं भाकरी कोण करंल मग?"

तिसरं कार्ड, थ्री ऑफ पेंटॅकल्स. देवळासारख्या इमारतीत बाकावर उभा राहून काम करणारा एक कारागीर, आणि समोर दोघं, त्यांच्या हातात आराखडा. कीवर्ड : कौशल्य, एकत्र काम, कामाची ओळख. मुलीने यातून आराखडा निवडला. म्हणाली, "काकू, कोण कुठे राहणार, किती पगार, किती डबे, हे कागदावर मांडून त्या दोघींसमोर आणि पोरासमोर ठेवा. मग जागेचं बघा." यात गूढ काहीच नाही, मान्य. पण पुढच्या पावलाच्या जागी आलेलं ते कार्ड याच्यापेक्षा वेगळं काही म्हणत असेल तर मला दाखवा.

टू ऑफ पेंटॅकल्सवर मात्र एक गोष्ट घडली ती तुम्हाला मुद्दाम सांगते. त्या चित्रात दोन नाणी झेलणाऱ्या माणसाच्या मागे समुद्र उसळलेला आहे आणि त्यावर दोन जहाजं वरखाली होतायत. झेलणारा आपल्याच नाण्यांच्या नादात आहे. मुलगी म्हणाली, "म्हणजे पोरं मे महिन्यात परीक्षा झाली की गावाकडे जातात, नवी बॅच येईपर्यंत डबे बसतात, ती लाट." मी म्हटलं, हे तुला कार्डाने सांगितलं का लातूरने? तिने हसून कबूल केलं. लातुरात राहणाऱ्या कोणालाही हे माहीत आहे. कार्डाने आठवण करून दिली एवढंच. असं माहितीतून आलेलं वाक्य बोलायला हरकत काहीच नाही, उलट तेच सगळ्यात उपयोगाचं असतं. पण ते "मला जाणवतंय" म्हणून खपवायचं नाही. "आपल्याकडे मे-जूनला डबे कमी होतात, त्याचं काय धरलंय?" असं सरळ विचारायचं.

काकूंनी जागा घेतली का, हे बहुतेकांना ऐकायचं असतं. त्यावरून वाचन बरोबर का चूक हे ठरत नाही, म्हणून मी ते इथे आणत नाही.

तर पद्धत बसवायची म्हणजे काय, ते आता तुमच्या वहीपुरतं सांगते. कीवर्डची वही नव्याने लिहा. प्रत्येक कार्डाला तीन शब्द, जास्त नाहीत. पण तिन्ही वेगवेगळ्या बाजूंचे : एक कार्ड जोमात असताना काय करतं, एक तेच अति झालं तर काय करतं, एक कमी पडलं तर काय. फोर ऑफ पेंटॅकल्सपुढे बहुतेकांनी 'कंजूषपणा, हट्ट, नियंत्रण' लिहिलेलं असतं, तिन्ही एकाच बाजूचे. गोल्डन डॉनकडे याचं नाव ऐहिक सत्ता असं आहे. वेट यांनी मालमत्तेची शाश्वती, आहे ते घट्ट धरणं, भेट, वारसा असं दिलंय. चित्रात माणसाने एक नाणं छातीशी कवटाळलंय, एक डोक्यावर, दोन पायांखाली. मी लिहीन : राखतो, आवळतो, हलू शकत नाही. क्रियापदं लिहिली की बोलताना वाक्य आपोआप होतं. नामं लिहिली की यादी होते. "नियंत्रण" हा शब्द काकूंसमोर ठेवला तर त्या काय करतील त्याचं? "तुम्ही हे इतकं घट्ट धरलंय की जागचं हलता येईना" म्हटलं तर त्या लगेच बोलायला लागतील.

वाचनाच्या वेळी क्रम पाळा : आधी चित्र, मग कीवर्ड, मग निवड. उलटं केलं तर कीवर्ड डोळ्यांवर झापड घालतो आणि सेव्हन ऑफ सोर्ड्समध्ये पुन्हा फक्त चोर दिसतो. दिवसाला एक कार्ड काढून त्याचं वर्णन दहा-बारा ओळींत लिहायचं, अर्थ न लिहिता. कंटाळवाणं आहे, पण क्लासमध्ये सगळ्यात जास्त टाळाटाळ याच गोष्टीची होते आणि सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीने पडतो.

दुसरी वही वाचनांची. समोरच्याला जे मुख्य सांगितलं त्यातलं प्रत्येक वाक्य लिहायचं आणि त्यापुढे एक अक्षर. 'की' म्हणजे कीवर्डमधून आलं. 'चि' म्हणजे चित्रातून. 'प्र' म्हणजे विचारलेल्या प्रश्नातून किंवा त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेल्यातून. 'मा' म्हणजे माझ्या माहितीतून, जसं लातूरचं मे महिन्याचं. 'चे' म्हणजे समोरच्याचा चेहरा, आवाज, कपडे बघून सुचलं. आणि यातलं काहीच नसेल तर 'ह', हवेतून. काकूंचं "जवळचं कोणीतरी" हे शंभर टक्के 'ह'.

यात 'चे' ला हलकं समजू नका. टॅरोवाल्यांना मान्य करायला आवडत नाही, पण आपण ज्याला इंट्युशन म्हणतो त्यातलं बरंच समोरच्याच्या चेहऱ्यावरून आलेलं असतं. बाईने "नवरा" शब्द उच्चारताना बांगडी फिरवली, ते आपल्या डोळ्यांनी टिपलं आणि मनाने त्याचं "घरात तणाव दिसतोय" केलं. ते चूक नसेलही. पण ते कार्डाचं म्हणून सांगणं बरोबर नाही. अक्षर लिहायची सवय लागली की महिन्याभरात तुम्हालाच कळतं तुमची इंट्युशन नक्की कशाची बनलीये.

'ह' वाली वाक्यं वेगळी काढून वाचा. तीन निरनिराळ्या माणसांना तुम्ही तेच वाक्य सांगितलेलं दिसलं, तर ते वाक्य त्या तिघांचं नसून तुमचं आहे. कोणाच्या वहीत प्रत्येक वाचनात "जुनी जखम" निघते, कोणाच्या "नजर लागलीये". हे पकडायचा दुसरा सोपा उपाय मला माहीत नाही. भीतीतून आलेल्या वाक्याची आणखी एक खूण म्हणजे त्याला घाई असते, ते लगेच बोलून टाकावंसं वाटतं, आणि त्यात माणूस असतो पण चित्रातला तपशील नसतो. वहिनींना काय म्हणालात ते एकदा या दृष्टीने बघा.

तुम्ही म्हणाल, पण लोक तर म्हणतात ना, "अगदी बरोबर सांगितलंत." त्यावर फार विसंबू नका. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद दिला. पाचपैकी किती गुण द्याल, विचारलं. सरासरी ४.२६ आली. कागद मात्र सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं त्याने बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. "तुम्ही बाहेरून खंबीर, पण आतून काळजी करता" या जातीची. तेव्हा "बरोबर सांगितलंत" ही दाद कोणत्याही गोल वाक्याला मिळते. वहीत असं वाक्य आलं की मी मुलींना विचारते, हे शेजारच्या घरातल्या माणसाला लागू नाही असं एक तरी कारण सांग. नाही सांगता आलं तर खोडायचं. चित्रावर बोट ठेवायचा आग्रह याचसाठी. पाच नेल्या, दोन राहिल्या, हे सगळ्यांना सारखंच लागू पडत नाही. काकूंना लागलं, कारण त्या दोघी बायका खरंच होत्या.

आता स्वतःचे अर्थ. तुम्ही विचारलंय त्यातला हा भाग सगळ्यात नाजूक, कारण 'माझी पद्धत' म्हणत लोक इथे काहीही घुसवतात. कार्डाला स्वतःचा अर्थ जरूर द्या, पण तो चित्रातून निघालेला असावा आणि वहीत टिकलेला असावा. उदाहरण देते. सिक्स ऑफ सोर्ड्समध्ये एक नावाडी होडी पलीकडे नेतोय. होडीत अंग लपेटून, पाठमोरी बसलेली बाई आणि शेजारी लेकरू. होडीच्या एका बाजूचं पाणी खळबळतंय, दुसऱ्या बाजूचं शांत आहे. पुढे सहा तलवारी होडीतच उभ्या रोवलेल्या. क्लासचा कीवर्ड : संकटातून शांततेकडे प्रवास. वेट यांच्याकडे पाण्यावरून प्रवास, मार्ग, युक्ती असं आहे.

बीड जिल्ह्यातला एक तरुण माझ्यासमोर बसला होता, पुण्यात नोकरीला जाऊ का म्हणून. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जाणारे. हेच कार्ड आलं. मी "शांततेकडे प्रवास" म्हटलं असतं तर तो हसला असता. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन घरदार, लेकरं गाडीत घालून कारखान्याच्या फडावर जायचं आणि हंगाम संपला की परत यायचं, हे त्याने लहानपणी त्याच होडीत बसून पाहिलेलं. मी तलवारींवर बोट ठेवलं आणि विचारलं, "जाताना बरोबर काय चाललंय?" तो म्हणाला, "कर्ज. बापाच्या नावावरचं." मग पुण्याच्या पगारातून ते कर्ज किती दिवसांत फिटतं, खोलीभाडं वजा करून हातात काय उरतं, यावर आम्ही बोललो. प्रवास होता, जाणं होतं, कीवर्ड मोडला नाही. पण तलवारी काठावर टाकून कोणी निघत नाही, त्या होडीतच येतात, हा अर्थ आपल्या भागातल्या बसणाऱ्यांसोबत पुन्हा पुन्हा उभा राहत गेला. स्थलांतराच्या प्रश्नात आता मी तो आधी धरते. प्रेमाच्या किंवा आजारपणानंतरच्या प्रश्नात धरत नाही, तिथे शांत पाण्याची बाजू जास्त बोलते.

यातली अट लक्षात आली असेल. नवा अर्थ वहीत तेव्हाच चढतो जेव्हा तो एकापेक्षा जास्त माणसांच्या वाचनात त्याच चित्रखुणेवरून निघालेला असतो, आणि पुढचं काय झालं हे कळायच्या आधी लिहून ठेवलेला असतो. नंतर आठवून लिहिलेलं धरू नका. मन मागाहून सगळं जुळवून घेतं. आणि तो अर्थ कोणत्या प्रकारच्या प्रश्नाला लागू आहे हेही शेजारी लिहा, नाहीतर वर्षभरात तुमचे स्वतःचेच अर्थ पाठ केलेल्या यादीसारखे होऊन बसतील. माझ्या ओळखीत वीस-वीस वर्षं वाचणारे आहेत, त्यांची 'इंट्युशन' म्हणजे त्यांचीच जुनी यादी असते.

रिव्हर्स कार्डांचं विचारलं नाहीत, पण पुढे विचारालच. सध्या सगळी सुलटीच ठेवा. तीन क्रियापदांत 'अति' आणि 'कमी' आधीच आहे, उलट्याचं बरंचसं काम तेच करतं. कोर्ट कार्डं, म्हणजे पेज, नाइट, क्वीन, किंग, ही मात्र सगळ्यांना जड जातात आणि तिथे चित्रही फारसं धावून येत नाही, कारण बरेचसे नुसते बसलेले किंवा घोड्यावर आहेत. तिथे बिनधास्त पाठांतरावर टेका : दर्जावरून वागण्याची पद्धत, सूटवरून क्षेत्र. नाइट ऑफ कप्स म्हणजे भावनेच्या मागे निघालेला, किंग ऑफ सोर्ड्स म्हणजे विचाराने निवाडा करणारा. "हा म्हणजे तुमचा दीर" असं कधी म्हणू नका. "असं वागणारं कोणी या प्रश्नात आहे का, का तुम्हीच असं वागताय?" एवढं विचारा.

आणि मार्सेय पद्धतीचा, म्हणजे जुन्या फ्रेंच धाटणीचा डेक कोणी भेट दिला तर या सगळ्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नका. त्यात सात तलवारी म्हणजे नुसत्या सात तलवारी, माणूस नाही, तंबू नाही, मागे राहिलेल्या दोन नाहीत. तिथे आकडा आणि सूट यांवरच उभं राहावं लागतं आणि चित्राची बाजू खूप पातळ होते. शिकताना वेट-स्मिथच बरा.

कोणाला काय झालंय, गाठ साधी आहे का, कोर्टाचा निकाल काय लागेल, मुलीला नीटला किती मार्क पडतील, असे प्रश्न आले तर कार्डं काढूच नका. तिथे ना कीवर्ड चालतो ना इंट्युशन. डॉक्टर, वकील आणि निकालाची तारीख, एवढंच सांगायचं. वहिनींना गाठून तुमचं वाक्य मागे घ्या, या आठवड्यातच. लातूरच्या मुलीने घेतलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "बरं झालं सांगितलंस, मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते."